विषय मुलीचा, मग अर्ज कुणाचा?

"माझी मुलगी एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात आहे. तिने श्रम अर्थशास्त्र हा ऐच्छिक विषय घेतला. त्याला स्कोप नाही, म्हणून तो बदलून अर्थमिती घ्यावी असं मला वाटतं. वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झालेत. ती यावर काहीच बोलत नाही. विभागप्रमुखांना अर्ज कसा लिहावा? तब्येतीचं कारण दिलं तर लवकर मंजूर होईल का?" – एक वडील

तब्येतीचं कारण अजिबात लिहू नका. आजारी विद्यार्थिनी सोपा विषय सोडून अर्थमितीसारखा गणिताचा विषय कशाला मागेल, हा प्रश्न विभागप्रमुखांना लगेच पडेल. ते दाखला मागतील, आणि त्या खोट्या कारणाखाली सही तुमची नसेल, मुलीची असेल.

पण पत्र वाचताना मी अडखळलो ते वेगळ्याच वाक्यावर. "ती यावर काहीच बोलत नाही." पदवी पूर्ण केलेली मुलगी स्वतःच्या विषयाबद्दल घरात गप्प बसते, तेव्हा तो होकार नसतो. बहुधा तिचं उत्तर एकदा देऊन झालेलं असतं आणि ते कुणी ऐकलेलं नसतं. हा विषय तिने का निवडला, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते तुम्हाला माहीत नसेल, तर अर्जाचा कागद बाजूला ठेवा आणि आधी तिला तेवढंच विचारा. विचारताना 'अर्थमिती' हा शब्दही काढू नका.

आता स्कोपबद्दल. तुमचा समज चुकीचा आहे, आणि तो अनेक पालकांचा असतो. किमान वेतन वाढवलं तर नोकऱ्या कमी होतात का, या श्रम अर्थशास्त्रातल्या प्रश्नावर डेव्हिड कार्ड यांनी आकडेवारीनिशी काम केलं. २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल निम्मं त्यांना मिळालं. उरलेलं निम्मं जोशुआ अँग्रिस्ट आणि गुइडो इम्बेन्स यांना मिळालं, ते कार्यकारणभाव तपासण्याच्या पद्धतींसाठी, म्हणजे अर्थमितीच्याच कामासाठी. २०२३ मध्ये क्लॉडिया गोल्डिन यांना स्त्रियांच्या रोजगाराच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालं. तुम्ही ज्या दोन विषयांची एकमेकांशी स्पर्धा लावताय, ते प्रत्यक्षात हातात हात घालून चालतात. वेतन आणि रोजगाराचे प्रश्न हाताशी असलेल्या मुलीला अर्थमिती नंतर कामाला येते. नुसती सूत्रं पाठ करणाऱ्या मुलीला ती कुठे वापरायची हेच कळत नाही.

तरीही, विचारल्यावर ती स्वतःहून म्हणाली की बदलायचंय, तर हिशोब असा आहे. आठवड्याला चार तास धरले तर अर्थमितीचे बारा तास बुडालेत. सत्रात साठ तास होत असतील आणि ७५ टक्के हजेरीची अट असेल, तर पंधरापेक्षा जास्त तास बुडवता येत नाहीत. म्हणजे तिच्याकडे तीनच तास उरतात. म्हणून हजेरी नव्या वर्गात बसल्याच्या तारखेपासून धरावी, ही विनंती अर्जात हवीच. पहिल्या सत्रात तिचं संख्याशास्त्र कच्चं राहिलं असेल, तर मात्र माझा स्पष्ट सल्ला नकाराचा आहे. चौथ्या आठवड्यात समाश्रयण, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मांडण्याची पद्धत, शिकवणं चालू असताना मधेच जाऊन बसणं फार जड जातं.

विभागप्रमुख दयेवर निर्णय घेत नाहीत. बदलाची मुदत संपली का, त्या वर्गात जागा आहे का, वेळापत्रकात तास एकमेकांवर येतात का आणि दोन्ही विषयांचे श्रेयांक सारखे आहेत का, हे ते बघतात. हे सगळं मुलीने आधी विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावं, नव्या विषयाच्या शिक्षकांना भेटावं, आणि मग इतकंच लिहावं:

"महोदय/महोदया, मी दुसऱ्या सत्रासाठी श्रम अर्थशास्त्र हा ऐच्छिक विषय निवडला आहे. पुढील प्रकल्पासाठी मला अर्थमितीची गरज असल्याने विषय बदलून मिळावा. दोन्ही विषयांचे श्रेयांक समान असून वेळापत्रकात अडचण येत नाही. संबंधित शिक्षकांशी मी बोलले आहे. बुडालेला भाग मी भरून काढेन. माझी हजेरी नव्या वर्गात रुजू झाल्याच्या तारखेपासून धरावी, ही विनंती."

प्रकल्पाचं कारण खरं असेल तरच लिहावं. नसेल तर जे खरं असेल ते एका वाक्यात.

सही झाली म्हणजे काम संपलं असं समजून मुलं घरी जातात आणि तिथेच फसतात. मंजूर अर्जाची पोच घेऊन नोंदणीतला विषय बदलून घ्यावा लागतो, आणि परीक्षा अर्ज भरताना विषयाचा सांकेतिक क्रमांक पुन्हा तपासावा लागतो. नाहीतर सत्रभर बसायचं अर्थमितीला आणि हॉल तिकिटावर छापून यायचं श्रम अर्थशास्त्र.

मुलगी 'नको' म्हणाली, तर यातलं काहीच करायचं नाही. अर्थमिती पुढच्या सत्रात ऐच्छिक म्हणून येते का, एवढं तिने अभ्यासक्रमात बघून ठेवावं. तोवर त्या शिक्षकांची परवानगी घेऊन ती नुसती ऐकायला बसली तरी चालेल. मात्र तीही तिची इच्छा असेल तरच.