शंका म्हणजे डाउट नव्हे

प्रश्न: परदेशातल्या प्राध्यापकांना रिसर्च इंटर्नशिपबद्दल ईमेल करायचा आहे. मी आधी मराठीत मसुदा लिहिलाय. तो इंग्रजीत नीट कसा करू? की मराठी बाजूला ठेवून सरळ इंग्रजीतच लिहू?

मराठी मसुदा फेकू नका. हा सल्ला तुम्हाला कॉलेजात कोणी देणार नाही, आणि माझ्या मामेभावाने तर मला गेली कित्येक वर्षं याच्या नेमका उलटा दिलाय.

मी पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. बसाल्टच्या पातळ कापांत प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक मोजायचे, कोणत्या लांबीचे किती आहेत याचा आलेख काढायचा आणि त्यावरून लाव्हा कसा थंड झाला असेल ते पाहायचं, असं माझं काम होतं. जर्मनीतल्या एका प्राध्यापकांचा याच विषयावरचा पेपर मी तीनदा वाचला होता. मसुदा मराठीत लिहिला, कारण पेपरात नेमकं काय खटकलंय हे मला मराठीतच सुचत होतं. इंग्रजी करायला गेलो सदाशिव पेठेत मामाकडे. मामाने उभी हयात कचेरीत पत्रं लिहिण्यात घालवली होती, आणि टेबलावर शब्दकोश कायम उघडा.

माझं वाक्य होतं, ‘आपल्या पेपरमधील चौथ्या आकृतीबाबत मला एक शंका आहे.’ मामाने लिहिलं, ‘आय हॅव अ डाउट इन युवर फिगर फोर.’ मामेभाऊ, इंग्रजी माध्यमाचा, आतल्या खोलीतून आला, वाचलं, ‘परफेक्ट’ म्हणाला. गेला मेल.

दोन दिवसांत उत्तर. मी आनंदाने उघडलं. आमचा कोणता निकाल तुम्हाला चुकीचा वाटतो, कोणत्या आधारावर, आणि तुमच्याकडे वेगळी मोजणी असेल तर पाठवा. इंटर्नशिपचं नावही नाही.

आपल्याकडे शंका विचारणं म्हणजे आदराने विचारणं. वर्गात हात वर करून ‘सर, एक डाउट आहे’ म्हणतो तेव्हा सरांवर अविश्वास दाखवत नसतो. तिकडे मात्र डाउट म्हणजे तुमचं म्हणणं मला पटत नाही. एम.एस्सी.च्या पोराने एका वाक्यात त्यांच्या आकृतीवर अविश्वास दाखवला होता, तोही विनंतीअर्जात. शिवाय वर ‘रिस्पेक्टेड सर’ होतं आणि त्या बाई होत्या, पण ते जाऊ दे.

माझा खरा प्रश्न अगदी साधा होता. त्यांच्या आलेखाची रेघ सर्वांत लहान स्फटिकांपाशी खाली वाकत होती. आमचे काप ०.०३ मिलिमीटर जाडीचे. त्याहून बारीक स्फटिक कापाच्या जाडीत दडतात, सूक्ष्मदर्शकाखाली नीट सुटे दिसत नाहीत. मग ती रेघ वाकते ती लहान स्फटिक खरोखर कमी आहेत म्हणून, की आपल्याला दिसत नाहीत म्हणून? हेच दुसऱ्या मेलमध्ये ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट फिगर ४’ अशा सुरुवातीने लिहिलं, तर चार ओळींचं छान उत्तर आलं. त्या उन्हाळ्यात जागा नव्हती, पण ऑक्टोबरमध्ये पुन्हा लिहा म्हणाल्या. लिहिलं. पुढच्या वर्षी गेलो.

तेव्हापासून मामेभावाचं पालुपद एकच: ‘मराठीत विचार केलास म्हणून असं झालं. इंग्रजीत विचार कर.’ अरे, डाउट हा शब्द मराठीतून आलाच नव्हता. तो आपल्या कॉलेजच्या इंग्रजीतून आलेला. मी सरळ इंग्रजीत लिहिलं असतं तरी तोच आला असता, आणि ज्याने तो पास केला तो लहानपणापासून इंग्रजीतच विचार करत होता!

मराठी मसुद्याचा खरा घोळ दुसरीकडे असतो, आणि तो त्याला अजून कळलेला नाही. माझ्या मसुद्यात होतं, ‘सिंहगड परिसरातील नमुने गोळा केले, त्यांचे काप तयार केले व स्फटिकांच्या आकाराचा अभ्यास केला.’ मराठी म्हणून हे निर्दोष आहे. पण केले कोणी? मराठीत भूतकाळात असं क्रियापद कर्माशी जुळतं. नमुने अनेक म्हणून ‘केले’. मी, आम्ही की त्यांनी, वाक्य काहीच सांगत नाही आणि आपल्याला ते खटकतही नाही. इंग्रजीत कर्ता लिहावाच लागतो. नाहीतर मग मामासारखं ‘सॅम्पल्स वेअर कलेक्टेड, स्टडी वॉज डन’ करून तो लपवावा लागतो. वाचणाऱ्या प्राध्यापकांना तर नेमकं तेच हवं असतं की या मुलाने स्वतःच्या हाताने काय केलंय.

म्हणून इंग्रजीला हात लावण्याआधी मराठीतच प्रत्येक ‘केलं’च्या पुढे नाव लिहा. मी लिहिली तेव्हा शरमच वाटली. नमुने आम्ही तिघांनी आणले होते. काप प्रयोगशाळेतल्या दादांनी केले होते. माझं काय? सहा कापांचे फोटो घेऊन ImageJ या सॉफ्टवेअरमध्ये सुमारे अकराशे स्फटिकांची लांबी मोजली, आणि दोन कापांची मोजणी पुन्हा करून किती फरक पडतो ते पाहिलं. ‘अभ्यास केला’ हा शब्दच गळून पडला, त्याच्या जागी ‘मोजली’ आलं. आता इंग्रजी करायला मामाही नको आणि शब्दकोशही नको: ‘आय मेझर्ड’, पुढे आकडा, संपलं. दादांचं काम दादांच्या नावावर राहिलं, त्यामुळे मुलाखतीत काप कसे घासलेत असं विचारलं तेव्हा फजिती झाली नाही.

दुसरं, मराठी अर्जात मागणं शेवटी येतं. आधी सविनय, मग ओळख, मग गुणगान, आणि तळाशी ‘तरी संधी द्यावी ही विनंती’. इंग्रजीत ती ओळ उचलून दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात ठेवा, तारखांसकट: १ जून ते ३१ जुलै. महिना अक्षरात लिहा. ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत’ म्हणू नका, आपली सुट्टी आणि त्यांची सुट्टी वेगळ्या महिन्यांत येते. गुणगानाची जागा त्या एका प्रश्नाला द्या. प्रश्न सुचत नसेल तर पेपर अजून वाचून झालेला नाही, मेल थांबवा.

हे सगळं मी एका विषयावरून आणि एका देशावरून सांगतोय. कोडिंगवाल्या विषयांत प्रश्नापेक्षा केलेलं काम दाखवणं जास्त चालत असेल. आणि हो, जर्मनीत लिहिणार असाल तर गुणांपुढे ‘१० पैकी’ लिहायला विसरू नका, तिकडे १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. ‘टी.ई.’ही बाहेर कोणाला कळत नाही, तिसरं वर्ष म्हणा. डाड या जर्मन संस्थेच्या वाइज शिष्यवृत्तीतून जायचं असेल तर यजमान प्राध्यापकांचं निमंत्रणपत्र लागतं. ते हवंय हे पहिल्याच मेलमध्ये सांगून टाका.

मागच्या महिन्यात मामेभावाने त्याच्या मुलीचा मेल ‘जरा बघ’ म्हणून पाठवला. मुलगी हुशार आहे, सगळं थेट इंग्रजीत लिहिलंय. तिसऱ्या ओळीत ‘आय हॅव अ स्मॉल डाउट रिगार्डिंग युवर मेथड.’ मी ती ओळ पिवळी करून परत पाठवली. अजून उत्तर नाही.