बिलिरुबिन वाढलंय, एन्झाइम नॉर्मल आहेत, तर आधी पथ्य थांबवा

प्रश्न: माझं वय २३. टोटल बिलिरुबिन २.४ आलंय, एसजीपीटी, एसजीओटी सगळं नॉर्मल. डोळे कधीकधी पिवळट दिसतात. घरचे म्हणतात कावीळ आहे, तेल बंद कर. लिव्हर खराब झालंय का? पथ्य काय करू?

पथ्य करू नका. मला जे निघालं ते गिल्बर्ट सिंड्रोम, म्हणजे लिव्हर चांगलं असूनही बिलिरुबिन जन्मापासूनच थोडं जास्त राहण्याची ठेवण, आणि तुमचंही तेच असू शकतं. बाकीचं नंतर सांगतो, पण हे आधी सांगतो कारण या पथ्यापायी माझे दोन महिने वाया गेलेत.

मी २२ वर्षांचा होतो, नोकरीच्या मेडिकलमध्ये टोटल बिलिरुबिन २.१ आलं. डायरेक्ट ०.४, एसजीपीटी २१. टेस्टच्या आदल्या रात्री प्रवासात झोप नाही आणि सकाळी रक्त दिलं तेव्हा पोटात चौदा तास काही नव्हतं. हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. पहिल्या डॉक्टरांनी लिव्हरचं टॉनिक लिहून दिलं आणि 'हलकं खा' म्हणाले. आमचे दादा म्हणजे मोठा भाऊ, त्याने हे 'हलकं' फारच मनावर घेतलं. तेल पूर्ण बंद, जेवण निम्मं, म्हणे लिव्हरला आराम मिळाला पाहिजे. तीन आठवड्यांनी परत टेस्ट केली तर ३.३. मग पथ्य आणखी कडक केलं, संध्याकाळचं जेवण जवळपास बंदच. पुढची टेस्ट ३.८, डोळे आता लांबूनही पिवळे दिसायला लागले, वजन पाच किलो उतरलेलं, आणि दादा म्हणतो बघ, तू चोरून खात असणार. त्यावरनं आमची जी भांडणं झाली ती अजून पूर्ण मिटलेली नाहीत.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की या दोन महिन्यांत तू जेवतोयस किती? मी सांगितलं. त्यांनी पेनाने तिन्ही वेळच्या डायरेक्टवर गोल केले, ०.४, ०.५, ०.५. म्हणाले टोटल जवळपास दुप्पट झालंय पण डायरेक्ट जागचं हललेलं नाही, एसजीपीटी तिन्ही वेळा पंचवीसच्या आत, हे आजारी लिव्हरचं चित्रच नाही. मग त्यांनी तांबड्या पेशी जास्त फुटत नाहीत ना हे बघायला हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट काउंट, स्मिअर आणि एलडीएच करायला सांगितलं. सगळं नॉर्मल, हिमोग्लोबिन १५.१. लघवीत बिलिरुबिन नाही. शेवटी म्हणाले आठवडाभर घरात सगळे जे खातात ते पोटभर खा, तेलासकट, आणि मग रक्त दे. आकडा आला १.५.

आता यामागचं कारण. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ती मोडली की तिच्यातल्या हीमपासून बिलिरुबिन बनतं. हे पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात अल्ब्युमिनला चिकटून लिव्हरपर्यंत येतं. तिथे एक एन्झाइम त्याला ग्लुकुरोनिक ॲसिड जोडतं, मग ते विरघळतं आणि पित्तातून बाहेर जातं. जोडणी व्हायच्या आधीचं ते इनडायरेक्ट, झाल्यावरचं डायरेक्ट. गिल्बर्टमध्ये हे जोडणारं एन्झाइम जन्मापासूनच कमी असतं, सर्वसाधारणपणे नॉर्मलच्या ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लिव्हरच्या पेशी धडधाकट, फक्त एका खिडकीवर माणसं कमी, त्यामुळे रांग बाहेर रक्तात लागते. एसजीपीटी हे पेशी दुखावल्यावर रक्तात सांडतं, इथे काही दुखावलंच नाही तर ते वाढणार कुठून? फ्रान्सच्या गिल्बर्टने १९०१ साली हे मांडलं, आणि हे दुर्मिळही नाही. पौगंडावस्थेनंतर पुरुषांमध्ये जास्त दिसतं म्हणून बहुतेकांना तुमच्यासारखं विशीत कळतं.

आणि उपाशी राहिलं की नेमकं हेच इनडायरेक्ट वाढतं. दोन दिवस रोज साधारण ४०० कॅलरीवर राहिलं तर गिल्बर्टवाल्याचा आकडा दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, पूर्वी निदानासाठी मुद्दाम अशी टेस्ट करायचे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॅलरी पुरेशा ठेवून नुसते स्निग्ध पदार्थ पूर्ण काढले तरी आकडा चढतो. म्हणजे दादाने जे दोन उपाय केले, कमी खाणं आणि तेल बंद, ते दोन्ही आकडा वाढवणारेच होते, आणि आकडा वाढला की तो तेच अजून जोरात करायचा. तो आजही म्हणतो की पथ्याचाच गुण आला पण उशिरा आला. मग दोन महिने वर चढत गेलेला आकडा जेवायला लागल्यावर एका आठवड्यात १.५ वर का आला, याचं उत्तर त्याने मला कधी दिलेलं नाही. ताप, जागरण, खूप दमणूक, अंगात पाणी कमी पडणं, यांनीही तो चढतो. मला आजही ताप आला की दोन दिवस डोळे पिवळट होतात आणि बरं वाटलं की आपोआप जातात. औषध नाही, लागतही नाही. ते लिव्हर टॉनिक मी कचऱ्यात टाकलं.

तुमच्या प्रश्नात एक आकडा नाहीये, डायरेक्ट किती? २.४ पैकी डायरेक्ट ०.४-०.५ पर्यंत असेल, म्हणजे साधारण पाचव्या हिश्श्याच्या आत, तर माझ्यासारखंच दिसतंय. २.४ पैकी डायरेक्ट सव्वा-दीड असेल तर हे माझं सगळं उत्तर तुम्हाला लागू नाही, पित्ताचा मार्ग आणि लिव्हर नीट तपासायलाच हवं. तसंच लघवी गडद चहासारखी, शौच पांढरट, अंगाला खाज, हिमोग्लोबिन कमी, किंवा नीट जेवूनखाऊन आकडा चारच्या वर, यातलं काहीही असेल तर त्याला गिल्बर्ट म्हणून गप्प बसू नका. पेशी जास्त फुटत असतील तरी इनडायरेक्टच वाढतं आणि एसजीपीटी नॉर्मल राहू शकतं, म्हणून रेटिक काउंट आणि एलडीएच सोडून चालत नाही. नुसत्या एका रिपोर्टवरनं कुणीच, मीसुद्धा, शिक्का मारू नये. काही महिन्यांनी परत तोच पॅटर्न दिसला पाहिजे. जीन टेस्ट असते पण चित्र स्वच्छ असेल तर गरज नसते, बायोप्सीची तर नाहीच.

पुढे कधी एसजीपीटी वाढलं तर ते गिल्बर्टच्या नावावर ढकलू नका, त्याचं कारण वेगळं शोधायचं. आणि हे निदान पक्कं झालं की डॉक्टरांना कायम सांगून ठेवा, कारण कॅन्सरचं इरिनोटेकॅन याच एन्झाइमवाटे बाहेर पडतं, एन्झाइम कमी असेल तर ते अंगात जास्त साठून त्रास देऊ शकतं. एचआयव्हीचं ॲटाझानाविर हेच एन्झाइम दाबतं, त्याने डोळे आणखी पिवळे होतात.

तर आठवडाभर नेहमीसारखं जेवा, झोप काढा, ताप-सर्दी नसताना रक्त द्या. टोटलसोबत डायरेक्ट, सीबीसी, रेटिक काउंट, एलडीएच करून घ्या. लॅबने रिकाम्या पोटी यायला सांगितलं तर किती तास उपाशी होतात ते रिपोर्टवर लिहून डॉक्टरांना दाखवा. आणि डायरेक्टचा आकडा इथे टाका, मग बोलू.