शोकसभेत हसू आलं तर?

ताई, आमच्या ऑफिसातले भाऊ गेल्या महिन्यात हार्ट अटॅकने गेले. लेखा शाखेत आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. शुक्रवारी शोकसभा आहे, मला बोलायला सांगितलंय. पाच पानं लिहिली, सगळी रडकी झाली. खरं तर मला आठवते ती मार्च एंडची रात्र. बिलात चूक माझी होती, पण भाऊ अकरापर्यंत माझ्याबरोबर बसले, आणि सकाळी सगळ्या शाखेला तर्री पोहे खाऊ घातले. तर्री अशी जहाल की साहेबांच्या डोळ्यांतून पाणी! पण शोकसभेत असं बोलणं बरं दिसेल का? साहेब, युनियनवाले सगळे असतील. भाऊंची मुलगीही येणार आहे म्हणे, बारावीला आहे. आणि मलाच रडू आलं तर?
– एक सहकारी, सिव्हिल लाइन्स, नागपूर

अहो, ‘मुलगीही येणार आहे म्हणे’? तुमचं भाषण तिच्यासाठीच आहे! साहेबांनी आणि युनियनवाल्यांनी भाऊंना रोज पाहिलंय. तिला फक्त घरातले बाबा ठाऊक आहेत. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत कसा वागायचा, हे तिला तुमच्याशिवाय कोण सांगणार?

म्हणून ती पाच पानं बाजूला ठेवा. ‘काळाने घाला घातला’, ‘न भरून येणारी पोकळी’ ही वाक्यं तिने महिनाभर ऐकली आहेत. त्या रात्रीचंच सांगा, पण क्रम बदला. आधी पोहे. साहेबांचे डोळे आठवून सभा हसेल, हसू द्या. (साहेबांना आदल्या दिवशी विचारून ठेवा.) हसू ओसरलं की सांगा, हे पोहे कशाचे होते: चूक तुमची होती, भाऊ अकरापर्यंत बसले आणि सकाळी त्या चुकीचा उल्लेखही न करता सगळ्यांना खाऊ घातलं. दुःख तिथे आपोआप येईल, त्यासाठी वेगळं वाक्य लागणार नाही. उलट क्रमाने सांगितलंत, तर गहिवरलेल्या लोकांना हसावं की नाही तेच कळणार नाही.

अटॅकचं वर्णन नको. आणि ‘आता आईला तूच सांभाळायचंस’ हे तर अजिबात नको! प्रत्येक शोकसभेत कुणी ना कुणी ते म्हणतोच, आणि बारावीतली पोर ते ओझं घेऊन घरी जाते. तिच्याकडे बघून एवढंच म्हणा, ‘बेटा, तुझे बाबा आमच्याशी असे वागायचे.’

शोकसभेत माणूस सावकाश बोलतो, मिनिटाला साधारण शंभर शब्द. तेव्हा साडेतीनशे शब्दांवर थांबा. मोठ्या अक्षरात, एका बाजूला लिहा. गळा दाटला तर माफी मागू नका. गप्प राहा, पाणी प्या, कुणाला घाई नसते. अगदीच जमेना तर पुढचं वाचायला एक प्रत पहिल्या रांगेतल्या सहकाऱ्याकडे देऊन ठेवा.

आज रात्री घड्याळ लावून मोठ्याने वाचा. जिथे आवाज अडकेल, तिथे वाक्य तोडून लहान करा आणि पुन्हा वाचा.