निम्मा खर्च, म्हणून निम्मी माणसं?

"मावशी, चार महिन्यांनी आमचं लग्न आहे. हॉलमध्ये 300 माणसं मावतात. माझ्या घरच्यांची यादी 220, त्याच्या घरच्यांची 110 आणि आम्हा दोघांचे मित्रमैत्रिणी, ऑफिसमधले मिळून 40. त्याचे वडील म्हणतात, खर्च निम्मा-निम्मा, तर माणसंही निम्मी-निम्मी. बाबा म्हणतात, आमचा गोतावळाच मोठा, वगळू कुणाला? हे मोठ्यांचं भांडण होतं, आता आम्हीच रोज रात्री फोनवर भांडतो. काय करू?"

त्याच्या वडिलांचं बोलणं तुला लागलं असेल, पण त्यात तथ्य आहे. तुमच्या जास्तीच्या शंभरेक माणसांचा निम्मा भार त्यांनी का उचलायचा? तुझ्या बाबांचंही चूक नाही. नाती काही लग्नासाठी वाढवलेली नसतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि तरी जुळत नाहीये, कारण दोन वेगळ्या प्रकारचे खर्च एकाच थैलीत पडलेत.

हॉलचं भाडं, सजावट, फोटो हे माणसं 200 आली काय नि 300 आली काय, फारसं बदलत नाही. जेवण, पत्रिका, पाहुण्यांची राहण्याची सोय हे मात्र डोक्यागणिक वाढतं. आधी सगळ्यांकडून दर लेखी मागवा आणि हे दोन ढीग वेगळे करा. मग पहिला ढीग दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा उचलायचा आणि दुसरा ज्याची जितकी माणसं, तितका.

समजा, एकूण खर्च 100 आहे आणि त्यातले 40 पहिल्या ढिगात, 60 दुसऱ्यात. यादी 300 वर आणायची तर 70 नावं जायला हवीत. सुरुवात तुम्ही दोघांनी करा: 40 चे 30. तुम्ही स्वतःची नावं कमी केल्यावर मोठ्यांना सांगताना तोंड उरतं. मग तुमच्याकडची 175 आणि त्याच्याकडची 95 धरा. दर पाच माणसांमागे एकूण खर्चाचा एक टक्का लागतो. म्हणजे तुझ्या घरी निम्म्या ढिगाचे 20, पाहुण्यांचे 35 आणि तुम्हा दोघांच्या मित्रांचे निम्मे 3, एकूण 58. त्याच्या घरी 20, 19 आणि 3, म्हणजे 42. बाबांना 58 जड जात असतील, तर यादी आणखी आखडायची की दुसरीकडे काटकसर करायची, हे त्यांनी ठरवायचं. तो प्रश्न मग त्यांच्या घरातला राहतो, दोन घरांमधला नाही.

बाबांची यादी तू खोडू नकोस. मी एका घरी पाहिलंय, मुलीने वहीतून खोडलेलं नाव दुसऱ्या दिवशी वडिलांनी समासात बारीक अक्षरात पुन्हा लिहिलेलं. ते त्यांच्या जुन्या शेजाऱ्याचं नाव होतं. मुलीसाठी तो एक आकडा होता, त्यांच्यासाठी चाळीस वर्षं. म्हणून बाबांना फक्त 175 हा आकडा दे, नावं त्यांना निवडू दे. लहान मुलंही त्यातच मोजायची, नाहीतर शेवटच्या आठवड्यात खुर्च्या कमी पडतात. कुणी येत नाही म्हणून कळवलं, तर ती जागा त्याच घराला परत. पण "बोलावू या, सगळे थोडेच येतात" या भरवशावर 300 च्या वर एकही पत्रिका जाऊ देऊ नका. आले तर त्यांना उभं ठेवावं लागेल.

आता तुमच्या फोनचं. तुम्ही भांडताना बहुतेक त्याच्या तोंडून त्याचे वडील बोलतात आणि तुझ्या तोंडून तुझे बाबा. "तुमच्याकडचे" हा शब्द आला, की तसं झालंय हे ओळख. एक ठरवून टाका: आपल्या आईवडिलांशी ज्याने-त्याने बोलायचं. तू त्याच्या वडिलांना समजवायला जाऊ नकोस, त्यानेही तुझ्या बाबांना नाही. घरचं रागातलं वाक्य जसंच्या तसं पलीकडे पोचवायचं नाही. मागणी काय आहे तेवढंच सांगायचं. "बाबा म्हणाले, तुमचे वडील कंजूष आहेत," हे ऐकलेलं तो लग्नानंतरही विसरणार नाही. "बाबांना आणखी वीस जागा हव्यात," यावर बोलता येतं. आणि बाबांना सांगताना "तो नाही म्हणतोय" असं नको, "आम्ही दोघांनी ठरवलंय" असंच म्हण. नाहीतर घरात पाऊल टाकण्याआधीच तू त्याला वाईट ठरवून बसशील.

यादीचं बोलणं रविवारी सकाळी, समोरासमोर, कागद घेऊन अर्धा तास करा. रात्रीच्या फोनवर तो विषय पूर्ण बंद. या रविवारी फक्त दोन ढीग वेगळे करा, नावांना हात लावू नका.