रशियन मेनू करताना आधी स्वयंपाकघरात जा

गोव्यात मोरजीतल्या हॉटेलचा मेनू रशियनमध्ये भाषांतरित करायचं पहिलंच काम मिळालंय ना? मग पदार्थांच्या नावांवर डोकं खपवू नका. ‘बटर चिकन’ रशियन लिपीत जसंच्या तसं लिहा आणि खाली एका ओळीत ते काय आहे ते सांगा: टोमॅटो आणि मलईच्या रश्श्यातली कोंबडी. खरं काम त्याच्या पुढच्या ओळीत आहे: ॲलर्जी असलेल्यांना चालणार नाही असं त्यात काय आहे.

ती ओळ आचाऱ्याला विचारूनच लिहा. मी सुरुवातीला मालकाने दिलेल्या इंग्रजी मेनूवरून भाषांतर केलं होतं. रस्सा दाट करायला काजूची पेस्ट घालतात, हे त्यात कुठेच नव्हतं. म्हणून प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारा: दाटपणा कशाने येतो? काजू, मगज, शेंगदाणे, खसखस, सगळं तिथेच सापडतं.

नवख्यांची हमखास चूक ‘मास्ला’ या शब्दात होते. रशियनमध्ये लोणी आणि तेल दोन्हींना तोच शब्द आहे. दूध न चालणाऱ्याने नुसतं ‘मास्ला’ वाचून काय समजायचं? लोण्याला ‘स्लीवच्नये मास्ला’, तेलाला ‘रास्तीतेल्नये मास्ला’ आणि तुपाला ‘तप्ल्योनये मास्ला’ असं पूर्ण लिहा.

तसंच ‘अरेखी’ म्हणजे काजू-बदामासारखा सुकामेवा. शेंगदाण्यासाठी ‘अराखिस’ वेगळा लिहा.

आणि हिंगाची डबी उलटून बघा. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे डाळीपुढे ‘ग्लुटेन नाही’ असं परस्पर लिहू नका.