वाचनीयतेच्या सूत्राने ‘इयत्ता 14’ दाखवलेला उतारा सहावीला देता येईल का?

प्रश्न: सहावीसाठी एक मराठी उतारा निवडलाय. एका ऑनलाइन साधनात टाकला तर ‘ग्रेड लेव्हल’ 14 आली, मुलांना मात्र तो सोपा वाटतोय. वाक्यं तोडून छोटी केली तर आकडा खाली येतो. मग तसंच करू का? उतारा माझ्या वर्गाला झेपेल हे ठरवायचं कसं?

उत्तर:

आकडा खाली आणण्यासाठी वाक्यं तोडू नका. त्यातून उतारा सोपा होतोच असं नाही, कित्येकदा तो अवघड होतो. असं का होतं हे एका वाक्यावर हिशेब करून दाखवतो.

‘ग्रेड लेव्हल’ म्हणून बहुतेक साधनं फ्लेश-किंकेड सूत्राचा आकडा देतात. ते असं आहे:

```
0.39 × (शब्द ÷ वाक्ये) + 11.8 × (उच्चारखंड ÷ शब्द) − 15.59
```

यात मोजल्या जाणाऱ्या गोष्टी दोनच: वाक्यात सरासरी किती शब्द आहेत आणि शब्दात सरासरी किती उच्चारखंड आहेत. उच्चारखंड म्हणजे बोलताना एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. ‘कपडे’ लिहिताना तीन अक्षरं असली तरी आपण ‘कप्‌-डे’ असे दोनच खंड उच्चारतो.

आता हे वाक्य घ्या:

(अ) ओले कपडे वाऱ्यात लवकर वाळतात, कारण कपड्यांजवळची दमट हवा वाऱ्याने सतत दूर जाते आणि तिच्या जागी कोरडी हवा येते.

शब्द 19, वाक्य 1, उच्चारखंड 41. सूत्रात घातलं की उत्तर येतं 17.3. म्हणजे पदवीधराच्याही पुढचा मजकूर! तेच तोडून लिहू:

(आ) ओले कपडे वाऱ्यात लवकर वाळतात. कपड्यांजवळ दमट हवा असते. वारा ती दूर नेतो. तिथे कोरडी हवा येते.

शब्द 17, वाक्यं 4, उच्चारखंड 34. उत्तर 9.7. साडेसात इयत्ता कमी झाल्या, आणि त्यातल्या पावणेसहा फक्त पूर्णविराम वाढवल्यामुळे.

पण या तोडण्यात गेलं काय ते बघा. ‘कारण’ गेलं. (अ) वाचणाऱ्या मुलाला लेखकच सांगतो की पुढचा भाग हा आधीच्या भागाचं स्पष्टीकरण आहे. (आ) मध्ये चार सुटी विधानं आहेत, त्यांचा एकमेकांशी काय संबंध हे मुलाने स्वतः जुळवायचं आहे. ज्याला हे आधीच माहीत आहे तो जुळवेल. ज्याला माहीत नाही, म्हणजे ज्याच्यासाठी उतारा आहे, तोच अडेल. ॲलिस डेव्हिसन आणि रॉबर्ट कँटर यांनी 1982 मध्ये मूळ इंग्रजी उतारे आणि खालच्या पातळीसाठी सोपे केलेली त्यांची रूपं शेजारी ठेवून पाहिली. तिथेही हेच दिसलं. लांब वाक्य कापताना कारण, अट, विरोध दाखवणारी उभयान्वयी अव्ययं गळतात आणि वाचकाचं काम वाढतं. सूत्राला मात्र ‘कारण’ हा दोन उच्चारखंडांचा एक शब्द, एवढंच कळतं. तुमच्या उताऱ्यातली सगळी वाक्यं उलट्या क्रमाने लावून पुन्हा साधनात टाका. उताऱ्याचा अर्थ लागणार नाही, आकडा मात्र तोच राहील.

आता तो 14 आला कुठून? हे सूत्र 1975 चं आहे. अमेरिकेच्या नौदलातल्या प्रशिक्षणार्थींना इंग्रजी माहितीपुस्तिका कितपत समजतात ते पाहून त्यातले 0.39, 11.8 आणि 15.59 हे अंक बसवले गेले. वाचक प्रौढ, भाषा इंग्रजी. इंग्रजीत शब्दामागे साधारण दीड उच्चारखंड असतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, म्हणून ‘कपड्यांजवळची’ हा एकच शब्द पाच खंडांचा होतो. इंग्रजीत तेवढाच अर्थ तीन-चार सुट्या, छोट्या शब्दांत वाटला जातो. सरासरी दीडवरून दोनवर गेली की 11.8 च्या गुणकामुळे इयत्ता सुमारे सहाने वाढते. यात मजकूर अवघड असण्याचा काही संबंध नाही, मराठीची घडणच तशी आहे.

त्यातही साधन उच्चारखंड कसे मोजतं हा वेगळाच घोळ आहे. काही साधनं देवनागरीतलं प्रत्येक अक्षर एक खंड धरतात. तसं धरलं तर (अ) मध्ये 41 ऐवजी 54 खंड होतात आणि उत्तर 17.3 वरून 25.4 वर जातं. वाक्य तेच, आठ इयत्तांचा फरक. शिवाय ‘इ. स.’ किंवा ‘सें. मी.’ मधल्या टिंबांना साधन पूर्णविराम समजलं तर वाक्यांची संख्या फुगते आणि आकडा उगाच खाली येतो. म्हणून मराठी उताऱ्यावर आलेला हा आकडा ‘इयत्ता’ म्हणून वाचूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्रजी उताऱ्यालाही एक अडचण राहतेच, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते: सूत्राला वाचक माहीत नसतो. शब्दाची लांबी आणि त्याची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आईबाबांबरोबर’ लांब आहे, पण कुठल्याही मुलाला अडत नाही. ‘बल’ एका खंडाचा आहे, तरी विज्ञानाच्या धड्यात ‘ताकद’ एवढ्या अर्थाने वाचला तर पुढचा परिच्छेद चुकीचा समजतो. ‘कार्य’ तसाच. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 मध्ये सातवी-आठवीतल्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं ही वाचनात पक्क्या, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. उतारा एकच होता, त्याचा आकडाही एकच. तुमचा उतारा मुलांना सोपा वाटतोय, त्याचंही उत्तर बहुधा इथेच आहे: विषय त्यांच्या ओळखीचा असावा.

मग ठरवायचं कसं? उतारा वर्गावरच तपासून पाहा. त्यासाठी क्लोज चाचणी सोयीची आहे. ही पद्धत विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये मांडली. मुलांनी आधी न वाचलेला, साधारण 270 शब्दांचा सलग भाग घ्या. पहिलं वाक्य पूर्ण ठेवा. पुढे प्रत्येक पाचवा शब्द काढून सारख्या लांबीची रिकामी जागा ठेवा, अशा 50 जागा होऊ द्या आणि शेवटचं वाक्य पुन्हा पूर्ण ठेवा. कोणता शब्द काढायचा हे स्वतः निवडू नका, नाहीतर चाचणी तुमच्या मनातल्या प्रश्नांची होते. वेळेचं बंधन नको. मूळ शब्दच आला तर गुण द्यायचा, शुद्धलेखनाची चूक माफ.

इंग्रजीसाठी जॉन बोर्मथ यांचे ठोकताळे प्रसिद्ध आहेत: 44 टक्क्यांच्या आसपास जागा बरोबर भरल्या तर शिक्षकाच्या मदतीने उतारा झेपतो, 57 टक्क्यांच्या आसपास तर स्वतःच्या बळावर. हे आकडे मराठीला तसेच लावू नका. मराठीत मूल ‘पाण्यात’ऐवजी ‘पाण्यावर’ लिहितं, शब्द ओळखलेला असतो, तरी गुण जातो. असे प्रत्ययच चुकलेले शब्द वेगळ्या रकान्यात लिहा. आणि ठोकताळ्याऐवजी तुलना करा: वर्गाने याआधी सहज पेललेल्या पुस्तकातला, पण अजून न वाचलेला भाग घेऊन त्याचीही तशीच चाचणी बनवा.

समजा, वर्गात 32 मुलं आहेत. विषम हजेरी क्रमांकांनी पहिल्या दिवशी ओळखीच्या पुस्तकातला भाग सोडवला, सम क्रमांकांनी नवा उतारा, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. ओळखीच्या पुस्तकातल्या भागाची सरासरी 50 पैकी 28 आली, नव्याची 21. सरासरीवर थांबू नका. 15 पेक्षा कमी जागा भरणारी मुलं पहिल्यात 4 होती आणि दुसऱ्यात 13 झाली, तर नवा उतारा जवळपास निम्म्या वर्गाच्या हातून सुटतोय.

यानंतर अर्ध्याहून जास्त मुलं चुकलेल्या जागांवर खूण करा. त्या कुठे पडतात यावर पुढचं ठरतं. समजा, अशा 14 जागांपैकी 9 एकाच परिच्छेदात आल्या, जिथे ‘घनता’ आणि ‘दाब’ पहिल्यांदा येतात. तर उतारा टाकून द्यायची गरज नाही. त्या दोन कल्पना आधी एखाद्या प्रयोगाने दाखवा, मग वाचायला द्या. पण चुका ‘म्हणूनच’, ‘तरीही’, ‘अन्यथा’ अशा ठिकाणी विखुरलेल्या असतील तर मुलांना मांडणीचा धागाच सापडत नाहीये. तिथे वाक्यं तोडण्याऐवजी अध्याहृत राहिलेला दुवा लिहून टाका. वाक्य लांबलं तरी चालेल.

क्लोजचीही एक मर्यादा आहे. 1982 मध्ये शनहन, कामिल आणि टोबिन यांनी वाक्यांचा क्रम बिघडवून चाचणी घेतली, तरी गुणांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे ती मुख्यतः वाक्याच्या आतलं आकलन मोजते. त्यामुळे शेवटी चार-पाच मुलांना, त्यात कमी गुणांची दोन तरी घेऊन, उतारा न बघता सांगायला लावा. मग उत्तर उताऱ्यात थेट नसलेला, पण त्यावरून काढता येणारा एखादा प्रश्न विचारा. वरच्या उदाहरणात मी विचारेन: “खिडक्या बंद केलेल्या खोलीत खूप ओले कपडे टाकले, तर ते उशिरा का वाळतील?” जवळची हवा दमट होते आणि तिथेच राहते, असं मूल आपल्या शब्दांत म्हणालं, तर सूत्राने 17 दाखवलेलं वाक्यसुद्धा त्या वर्गात खुशाल ठेवा.

सूत्राचा मी एकच उपयोग करतो. एकाच लेखकाच्या लिखाणात कोणती वाक्यं इतरांपेक्षा फार लांब आहेत हे त्याने पटकन दिसतं. 35-40 शब्दांचं वाक्य सापडलं की ते मोठ्याने वाचून पाहतो आणि अडखळायला झालं, तर कर्ता आणि क्रियापद जवळ आणतो. इयत्तेच्या रकान्यातला आकडा मात्र कुठे लिहून ठेवत नाही.