पेढ्याच्या दुकानाचे व्हॉट्सॲप स्टिकर

साताऱ्यात कंदी पेढ्याचं दुकान आहे. स्टिकर केले, पण लोगोमागे पांढरा चौकोन दिसतो. साइज काय ठेवू?

तुमचा लोगो बहुधा जेपीजी आहे. पारदर्शक पीएनजी घेऊन ५१२ बाय ५१२ पिक्सेलमध्ये बसवा. जेपीजीत पारदर्शकता टिकतच नाही, आणि पीएनजी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तरी तीच गत होते. डिझायनरकडून फाइल डॉक्युमेंट म्हणूनच मागवा. व्हॉट्सॲपच्या स्टिकरविषयीच्या सूचनांनुसार कडेला १६ पिक्सेल जागा सोडा आणि चित्राभोवती ८ पिक्सेलची पांढरी कड द्या. ही कड टाळू नकाच, कारण डार्क मोडमध्ये तपकिरी ‘कंदी पेढे’ ही अक्षरं पार बुडतात. तयार स्टिकर वेबपी या प्रकारच्या फाइलमध्ये लागतं आणि ती फाइल १०० केबीच्या आत हवी, पॅकमध्ये किमान ३ स्टिकर. हलणाऱ्या स्टिकरला मात्र ५०० केबीपर्यंत चालतं.